जॅकनाइफ: एकेक नोंद वगळून अभिनती आणि प्रमाण त्रुटी कशी काढावी

जॅकनाइफची रीत दोन ओळींत सांगता येते. नमुन्यातली एक नोंद बाजूला ठेवायची आणि उरलेल्या नोंदींवरून अंदाज पुन्हा काढायचा. मग ती नोंद परत आत घेऊन पुढची बाहेर काढायची, आणि असं सगळ्या नोंदी संपेपर्यंत करायचं. इतकी सोपी असूनही ही रीत प्रकल्पांत आणि प्रबंधांत वारंवार चुकते, आणि चूक बहुतेक वेळा एकाच जागी असते. नोंदी वगळून आलेल्या आकड्यांचं नेहमीचं प्रमाण विचलन काढलं जातं, त्याला नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं जातं आणि त्यालाच प्रमाण त्रुटी म्हटलं जातं. अशी त्रुटी खऱ्यापेक्षा कितीतरी पट लहान निघते. नेमकी किती पट, ते खालच्या उदाहरणात दिसेल.

उदाहरणासाठी सोयाबीनच्या सहा शेतांच्या नोंदी घेऊ. आकडे शिकवण्यापुरते रचलेले आहेत. पहिला रकाना शेताच्या क्रमांकाचा, दुसरा हेक्टरमधल्या क्षेत्राचा, तिसरा क्विंटलमधल्या उत्पादनाचा.

| शेत | क्षेत्र | उत्पादन |
|---|---|---|
| १ | ०.४ | ६ |
| २ | ०.८ | १० |
| ३ | १.० | १४ |
| ४ | १.२ | १५ |
| ५ | १.६ | १८ |
| ६ | ३.० | ३३ |

आपल्याला हवं आहे हेक्टरी उत्पादन, म्हणजे एकूण उत्पादन भागिले एकूण क्षेत्र. इथे ते ९६ भागिले ८, म्हणजे १२ क्विंटल. हे गुणोत्तर मुद्दाम निवडलं आहे. साध्या सरासरीची प्रमाण त्रुटी काढायला जॅकनाइफ लागत नाही, तिचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. गुणोत्तरात मात्र छेदही नमुन्यागणिक बदलतो, त्यामुळे लहान नमुन्यात अंदाज थोडा एका बाजूला कलतो. या कलण्यालाच अभिनती किंवा बायस म्हणतात.

## टप्पा १: वगळायचं काय, ते आधी ठरवा

आकडेमोडीला हात लावण्यापूर्वी एका प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा: नमुना निवडताना चिठ्ठी कशाची उचलली होती? जे निवडलं, तेच वगळायचं.

आपल्या उदाहरणात शेतं स्वतंत्रपणे निवडली आहेत असं धरू, म्हणजे एकेक शेत वगळायचं. पण आधी तीस गावं निवडली आणि मग प्रत्येक गावातली दहा शेतं पाहिली, असं असेल तर एकेक शेत वगळून चालणार नाही. एकाच गावातल्या शेतांची जमीन, पाऊस आणि बियाणं सारखं असतं. एक शेत वगळलं तरी शेजारची नऊ शेतं जवळपास तीच माहिती देत राहतात, अंदाज फारसा हलत नाही आणि त्रुटी फसवी लहान निघते. अशा वेळी अख्खं गाव वगळा, आणि सूत्रात नोंदींची संख्या म्हणून ३०० ऐवजी ३० घाला.

नमुना थरांत घेतला असेल, जसं की बागायती शेतं वेगळी निवडली आणि कोरडवाहू वेगळी, तर थरांची सरमिसळ करू नका. प्रत्येक थराचा हिशेब त्याच्या स्वतःच्या नोंदसंख्येने होतो.

तपासा: क्षेत्र आणि उत्पादन ही एकाच शेताची जोडी आहे. शेत वगळताना दोन्ही आकडे एकत्र जायला हवेत. पहिल्या शेताचं उत्पादन वगळून क्षेत्र तसंच ठेवलं तर ९० भागिले ८, म्हणजे ११.२५ येतं. आकडा पटण्यासारखा दिसतो, म्हणूनच चूक नजरेतून सुटते.

## टप्पा २: नोंदी आधी साफ करा, मगच वगळायला लागा

रिकाम्या रकान्यांचं काय करायचं, हे एकदाच आणि सुरुवातीलाच ठरवा. एका शेताचं क्षेत्र लिहिलंय पण उत्पादन नाही, तर ती नोंद पूर्ण अंदाजातूनही काढा आणि नोंदसंख्येतूनही. असं केलं नाही तर सूत्रात सात घातलेले असतात आणि हिशेब प्रत्यक्षात सहांवर चालतो.

उलट, अंदाज काढण्याच्या कृतीत जे काही येतं ते सगळं प्रत्येक वेळी पुन्हा करावं लागतं. समजा तुम्ही आधी आकड्यांमधून सरासरी वजा करता, किंवा नमुन्यावरून एखादी मर्यादा ठरवून तिच्यापलीकडचे आकडे छाटता आणि मग अंदाज काढता. तर ती सरासरी आणि ती मर्यादा प्रत्येक फेरीत उरलेल्या नोंदींवरून नव्याने निघाली पाहिजे. पूर्ण नमुन्यावरून एकदा काढलेली मर्यादा सगळीकडे वापरली, तर वगळलेली नोंद मागच्या दाराने हिशेबात परत येते.

## टप्पा ३: एकेक नोंद वगळून अंदाज काढा

सहाही शेतांवरून आलेल्या १२ ला ‘पूर्ण अंदाज’ म्हणू आणि एक शेत वगळून आलेल्या प्रत्येक आकड्याला ‘वगळ-अंदाज’.

| वगळलेलं शेत | उरलेलं उत्पादन | उरलेलं क्षेत्र | वगळ-अंदाज |
|---|---|---|---|
| १ | ९० | ७.६ | ११.८४२१ |
| २ | ८६ | ७.२ | ११.९४४४ |
| ३ | ८२ | ७.० | ११.७१४३ |
| ४ | ८१ | ६.८ | ११.९११८ |
| ५ | ७८ | ६.४ | १२.१८७५ |
| ६ | ६३ | ५.० | १२.६००० |

या सहा आकड्यांची सरासरी १२.०३३४ येते.

स्प्रेडशीटमध्ये क्षेत्र B2 ते B7 मध्ये आणि उत्पादन C2 ते C7 मध्ये असेल, तर D2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढा:

```
=(SUM(C$2:C$7)-C2)/(SUM(B$2:B$7)-B2)
```

यातली डॉलरची चिन्हं विसरू नका. ती नसतील तर सूत्र ओढताना बेरजेची चौकटही एकेक ओळ खाली सरकत जाते. दुसऱ्या ओळीत मग ११.९४ ऐवजी ११.७६ दिसतं आणि कोणाला शंका येत नाही. तक्त्याखाली काही लिहिलेलं नसेल तर शेवटच्या ओळीत शून्याने भागल्याची सूचना येते, म्हणून चूक निदान उघडी पडते. पण खाली बेरजेची ओळ असेल तर तीही चौकटीत ओढली जाते आणि शेवटच्या ओळीत सरळ १२ दिसतं. तेव्हा बेरजेची ओळ तक्त्याच्या वर घ्या किंवा वेगळ्या पानावर ठेवा.

सावधान: वगळ-अंदाज या टप्प्यावर गोल करू नका. पुढे आपण अगदी लहान फरकाला पाचने गुणणार आहोत, म्हणजे गोल करताना झालेली चूकही पाचपट होते. हे सहा आकडे एकाच दशांश स्थळापर्यंत ठेवले तर अभिनती ०.१६७ ऐवजी ०.०८३ येते, म्हणजे निम्मी. दोन स्थळं ठेवली तरी ०.१५८ येते. शंभर नोंदी असतील तर हा गुणक ९९ होतो, तेव्हा काळजी आणखी वाढवा.

## टप्पा ४: अभिनती काढा

वगळ-अंदाजांच्या सरासरीतून पूर्ण अंदाज वजा करा आणि आलेल्या फरकाला नोंदसंख्येतून एक वजा करून गुणा. आपल्याकडे ५ गुणिले (१२.०३३४ वजा १२), म्हणजे ०.१६७. पूर्ण अंदाजातून ही अभिनती वजा केली की दुरुस्त अंदाज मिळतो: ११.८३.

पाचने का गुणायचं, हे समजून घेतलं की सूत्र विसरत नाही. अभिनती साधारणपणे नोंदींच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते असं धरलेलं आहे. सहा नोंदींवर ती ‘क’ चा सहावा भाग असेल, तर पाच नोंदींवर ‘क’ चा पाचवा भाग. वगळ-अंदाज पाच नोंदींचे असतात, म्हणून ते पूर्ण अंदाजापेक्षा किंचित जास्त कललेले असतात. दोन्हींमधला फरक ‘क’ चा तिसावा भाग. त्याला पाचने गुणलं की ‘क’ चा सहावा भाग परत मिळतो, आणि पूर्ण अंदाजाची अभिनती तीच.

दोन चुका इथे नेहमीच्या. पहिली म्हणजे वजाबाकी उलटी करणं. वगळ-अंदाजांची सरासरी आधी, पूर्ण अंदाज नंतर. चिन्ह उलटलं तर दुरुस्ती चुकीच्या दिशेने होते आणि अंदाज ११.८३ ऐवजी १२.१७ वर जातो. दुसरी म्हणजे वगळ-अंदाजांच्या सरासरीलाच दुरुस्त अंदाज समजणं. ती सरासरी तर पूर्ण अंदाजापेक्षाही जास्त कललेली असते.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. ही अभिनती फक्त सूत्राच्या गुणधर्मातून आणि नमुना लहान असल्यातून येते. तुम्ही रस्त्यालगतचीच शेतं निवडली असतील किंवा शेतकऱ्याने उत्पादन कमी करून सांगितलं असेल, तर जॅकनाइफला त्यातलं काहीही कळत नाही. ‘जॅकनाइफने अभिनती काढून टाकली’ असं वाक्य अहवालात लिहिण्याआधी कोणती अभिनती, ते लिहा.

## टप्पा ५: प्रमाण त्रुटी काढा

आता प्रत्येक वगळ-अंदाजातून वगळ-अंदाजांची सरासरी, म्हणजे १२.०३३४, वजा करा आणि फरकांचे वर्ग घ्या. इथे पूर्ण अंदाज वजा करायचा नाही. शेत १ ते ६ चे वर्ग क्रमाने असे येतात: ०.०३६६, ०.००७९, ०.१०१८, ०.०१४८, ०.०२३८ आणि ०.३२११. त्यांची बेरीज ०.५०५९.

या बेरजेला पाच षष्ठांशाने गुणायचं आणि वर्गमूळ काढायचं. गुणाकार ०.४२१६ आणि वर्गमूळ ०.६४९. हेक्टरी उत्पादनाची प्रमाण त्रुटी ०.६५ क्विंटल.

सुरुवातीला सांगितलेली चूक आता आकड्यांत पाहा. नेहमीच्या सवयीने बेरजेला पाचने भागून वर्गमूळ घेतलं तर ०.३१८ येतं. ते सहाच्या वर्गमुळाने भागलं की ०.१३०. खरी त्रुटी याच्या बरोबर पाचपट आहे. हा योगायोग नाही. ही चूक केली की त्रुटी दर वेळी नोंदसंख्या वजा एक इतक्या पटीने लहान होते. पन्नास नोंदी असतील तर ४९ पटीने.

कारण असं की वगळ-अंदाज एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. कोणतेही दोन घेतले तरी त्यांच्यात सहापैकी चार शेतं सामाईक असतात, म्हणून ते एकमेकांना चिकटून राहतात. स्वतंत्र नमुन्यांवरून काढलेले अंदाज यापेक्षा कितीतरी जास्त पसरले असते. नेहमीच्या रीतीत वर्गांच्या बेरजेला एकूण तीसने भागलं जातं; त्या जागी आलेला पाच षष्ठांश हा गुणक तो दबलेला पसारा परत मोठा करतो.

स्प्रेडशीटमध्ये फरकांच्या वर्गांची बेरीज एका फंक्शनने मिळते:

```
=SQRT(5/6*DEVSQ(D2:D7))
```

आर भाषेत सगळा हिशेब इतकाच:

```r
x <- c(0.4, 0.8, 1.0, 1.2, 1.6, 3.0)
y <- c(6, 10, 14, 15, 18, 33)
n <- length(x)
f <- function(k) sum(y[k]) / sum(x[k])
t0 <- f(1:n)
ti <- sapply(1:n, function(i) f((1:n)[-i]))
bias <- (n - 1) * (mean(ti) - t0)
se <- sqrt((n - 1) / n * sum((ti - mean(ti))^2))
c(t0, t0 - bias, bias, se)
```

दुसऱ्या कुठल्या अंदाजासाठी फक्त `f` ची ओळ बदला. बाकीच्या ओळींना हात लावू नका.

## टप्पा ६: उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी तीन पडताळण्या

पहिली पडताळणी साध्या सरासरीवर करा. तीच शीट किंवा तोच कोड फक्त उत्पादनाच्या सरासरीवर चालवा. सरासरी १६ आहे, अभिनती नेमकी शून्य यायला हवी आणि प्रमाण त्रुटी ३.८०. वर्गात शिकवलेल्या सूत्राने, म्हणजे प्रमाण विचलन भागिले सहाचं वर्गमूळ, हाच आकडा येतो. सरासरीसाठी दोन्ही रीती तंतोतंत जुळतात. जुळल्या नाहीत तर गुणक चुकला आहे, आणि दोष शोधायची जागा लगेच कळते. तिन्हींपैकी एकच करायला वेळ असेल तर ही करा.

दुसरी पडताळणी छद्ममूल्यांची. पूर्ण अंदाजाची सहापट घ्या आणि त्यातून प्रत्येक वगळ-अंदाजाची पाचपट वजा करा. आपल्याकडे १२.७९, १२.२८, १३.४३, १२.४४, ११.०६ आणि ९.०० असे आकडे येतात. यांची सरासरी दुरुस्त अंदाजाइतकीच, ११.८३, यायला हवी. या आकड्यांवर मात्र नेहमीची रीत चालते: प्रमाण विचलन काढा, सहाच्या वर्गमुळाने भागा, ०.६४९ मिळेल. ज्यांनी वगळ-अंदाजांवर ही रीत चालवली, त्यांनी बहुधा छद्ममूल्यांचं सूत्र वाचलेलं असतं आणि ते चुकीच्या रकान्यावर लावलेलं असतं.

तिसरी पडताळणी वर्गांच्या यादीवर नजर टाकण्याची. आपल्या बेरजेतला सहाव्या शेताचा वाटा ०.३२११, म्हणजे जवळपास ६३ टक्के. तीन हेक्टरचं एकच शेत हेक्टरी ११ क्विंटलवर आहे आणि अर्धा हेक्टरसुद्धा नसलेलं पहिलं शेत १५ वर. प्रमाण त्रुटीचा बहुतेक भाग त्या एका मोठ्या शेतातून येतो आहे. याचा अर्थ ते शेत टाकून द्या असा नाही. आधी त्याचा आकडा मूळ नोंदवहीशी ताडून पाहा. तो बरोबर असेल तर अहवालात लिहा की त्रुटीचा अंदाजही मुख्यतः एकाच नोंदीवर उभा आहे. गुणोत्तराच्या नेहमीच्या रेषीय सूत्राने हीच त्रुटी ०.५५ येते. दोन रीतींत इतका फरक पडतो तो बहुतांशी या मोठ्या शेतामुळेच, कारण ते वगळलं की छेद ८ वरून एकदम ५ वर येतो.

## टप्पा ७: दुरुस्त अंदाज द्यायचा की मूळचाच?

अभिनती सापडली की ती वजा करून टाकायचा मोह होतो. माझं मत असं की आधी तिची प्रमाण त्रुटीशी तुलना करावी. अभिनती त्रुटीच्या पाव भागाहून कमी असेल तर मूळ अंदाजच ठेवावा, असा एक कामचलाऊ नियम वापरात आहे. आपल्याकडे ०.१६७ भागिले ०.६४९, म्हणजे ०.२६, अगदी काठावर. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं तर एकूण चूक ०.६७० येते. नुसत्या प्रमाण त्रुटीपेक्षा ती फक्त तीन टक्क्यांनी जास्त आहे.

शिवाय अभिनतीचा अंदाजही याच सहा शेतांवरून काढलेला आहे, तोही नमुन्यागणिक हलणारच. म्हणून मी इथे हेक्टरी उत्पादन १२.० क्विंटल आणि प्रमाण त्रुटी ०.६५ असं लिहीन, आणि जॅकनाइफने अभिनती सुमारे ०.१७ दाखवली हे शेजारी नोंदवीन. अभिनती त्रुटीच्या निम्म्याहून मोठी निघाली असती तर दुरुस्त अंदाज दिला असता, पण मूळ आकडाही सोबत ठेवला असता.

विश्वासाचा पल्ला हवाच असेल तर पाच मुक्तमात्रांच्या टी-वितरणाचा ९५ टक्क्यांचा आकडा २.५७१ घ्या. पल्ला १०.३ ते १३.७ येतो. सवयीने १.९६ वापरलं तर पल्ला उगाचच अरुंद दिसतो.

## टप्पा ८: अंदाजच या रीतीला मानवतो का, ते पाहा

एकेक नोंद वगळण्याची रीत अशा अंदाजांसाठी आहे, जे एक नोंद किंचित बदलली की स्वतःही किंचित बदलतात. सरासरी, गुणोत्तर, सहसंबंध गुणांक, समाश्रयण रेषेचा उतार हे सगळे त्यात बसतात. मध्यक बसत नाही, आणि तिथे सॉफ्टवेअर कुठलीही सूचना न देता एक आकडा हातात ठेवतं.

आपल्याच सहा उत्पादनांचा मध्यक पाहा. क्रमाने लावलेले आकडे ६, १०, १४, १५, १८, ३३, म्हणून मध्यक १४.५. पहिल्या तिघांपैकी कोणताही वगळा, उरलेल्या पाचांचा मध्यक १५. शेवटच्या तिघांपैकी कोणताही वगळा, मध्यक १४. सहा वगळ-अंदाजांत वेगळे आकडे दोनच. प्रमाण त्रुटी येते १.१२, आणि ती फक्त मधल्या १४ आणि १५ मधल्या अंतरावर अवलंबून आहे. त्या १४ च्या जागी १० असते तर त्रुटी ५.५९ झाली असती. ३३ च्या जागी ३३० असते तरी ती तसूभर हलली नसती. नोंदी कितीही वाढवल्या तरी मध्यकासाठी हा अंदाज खऱ्या त्रुटीकडे सरकत नाही.

ओळखण्याची खूण सोपी आहे: वगळ-अंदाजांच्या रकान्यात तेच ते दोन-तीन आकडे पुन्हा पुन्हा दिसले की थांबा. मध्यक, चतुर्थक, कमाल आणि किमान यांच्या बाबतीत हे होणारच. नोंदी भरपूर असतील तर मध्यक आणि चतुर्थकांसाठी बूटस्ट्रॅप, म्हणजे उचललेली नोंद परत टाकत त्याच नमुन्यातून नवे नमुने काढण्याची रीत, वापरा, किंवा एका वेळी अनेक नोंदी वगळा. वगळायच्या नोंदींची संख्या एकूण नोंदसंख्येच्या वर्गमुळाहून मोठी ठेवा, शंभर नोंदी असतील तर दहाहून जास्त. कमाल आणि किमान यांना साधा बूटस्ट्रॅपही तारत नाही. आणि सहाच शेतं असतील तर मध्यकाची प्रमाण त्रुटी काढत बसू नका, सहाही आकडे अहवालात छापून द्या.